लॅब टेक्निशियनचा बायोडेटा: काय तपासायचं, किती वेळ लागतो, खर्च कुठे लपतो

तुमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे किंवा पंचवीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलात लॅब चालते. टेक्निशियन सोडून गेला आणि टेबलावर दहा-बारा बायोडेटा पडलेत. सगळ्यांवर तेच शब्द: ‘फुली ऑटोमेटेड मशीन हाताळले’, ‘एनएबीएलचा अनुभव’, ‘सॅम्पल कलेक्शनमध्ये निपुण’. यांतला कोणता शब्द खरा आणि कोणता कुणाच्या तरी बायोडेटावरून उतरवलेला, हे कळायला साधारण तीन तास लागतात: कागदावर दहा मिनिटं, फोनवर पंधरा मिनिटं आणि बेंचवर दोन-अडीच तास. कागदपत्रांच्या पडताळणीला त्यानंतर दोन ते चार आठवडे जातात, पण ती नेमणूक झाल्यावरही सुरू ठेवता येते.

एक गोष्ट आधीच ठरवा. बायोडेटावरच्या मशीनच्या नावाला पगारात फार भाव देऊ नका. तुमचं मशीन रिएजंट रेंटलवर असेल, तर नव्या माणसाला शिकवणं बहुतेक वेळा कंपनीच्या करारात बसतं. करार काढून वाचा. ‘ऑपरेटर ट्रेनिंग’ फक्त बसवतानाच फुकट आहे की माणूस बदलला तरी मिळतं, हे तिथे लिहिलेलं असतं किंवा मुद्दाम लिहिलेलं नसतं. नसेल, तर पुढच्या नूतनीकरणात घालून घ्या. मशीन चालवणं आठवडा-दोन आठवड्यांत येतं. चुकीचं सॅम्पल ओळखून परत मागवायची आणि कंट्रोल फेल झाला की थांबायची सवय आठवड्यात लागत नाही. पैसे त्या सवयीसाठी मोजा.

आधी कागद, तेही मूळ

मागायचे कागद असे: डीएमएलटी, बीपीएमटी किंवा बीएस्सी एमएलटीची मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी, आधीच्या प्रत्येक नोकरीचं अनुभवपत्र आणि शेवटच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर. मूळ बघा, झेरॉक्स ठेवा, मूळ त्याच दिवशी परत द्या. ‘सोडून जाऊ नये म्हणून’ मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती करू नका. भांडण झालं की तक्रार तुमच्यावरच येते.

सीएमएलटी आणि डीएमएलटी एक नव्हेत. पहिला सर्टिफिकेट कोर्स आहे, दुसरा डिप्लोमा. बायोडेटावर दोन्ही ‘एमएलटी’ होतात, म्हणून प्रमाणपत्रावरचं पूर्ण नाव आणि ते कुणी दिलंय ते वाचा. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचं नाव आणि खाली तुमच्याच जिल्ह्यातल्या ‘अधिकृत अभ्यास केंद्रा’चा शिक्का असेल, तर विद्यापीठाकडे पडताळणीसाठी लेखी विचारा. उत्तर यायला आठवडे लागतात, म्हणून नेमणूकपत्रात ‘पडताळणीच्या अधीन’ हे शब्द घाला. परिषदेची नोंदणी तपासणं त्यापेक्षा सोपं आहे. नंबर घ्या, मुदत बघा, नाव आणि पात्रता प्रमाणपत्राशी जुळवा.

अनुभवपत्र हा सगळ्यात स्वस्तात मिळणारा कागद आहे. ओळखीची लॅब लेटरहेडवर काहीही लिहून देते. खरं-खोटं करायला पीएफची नोंद उपयोगी पडते. उमेदवाराला त्याच्याच मोबाइलवर ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी उघडून दाखवायला सांगा. कुठल्या आस्थापनेत, कधीपासून कधीपर्यंत, तिथे स्पष्ट दिसतं. पासवर्ड मागू नका, स्क्रीन बघितली की पुरे. छोट्या लॅबमध्ये पीएफ नसतो. तिथे पगार खात्यात आल्याच्या बँक नोंदी चालतील, बाकीच्या नोंदी झाकून दाखवल्या तरी हरकत नाही. रोखीत पगार घेतलेला माणूस खोटा असतो असं नाही. त्याच्याबाबतीत बेंचवरची परीक्षा जास्त काळजीपूर्वक घ्यायची, इतकंच.

एक बायोडेटा उलगडून बघू

पुढचा बायोडेटा नमुन्यादाखल आहे, पण असे तुम्ही नक्की पाहिलेत. तालुक्याच्या गावातली लॅब, रोज साठेक पेशंट. थ्री-पार्ट सेल काउंटर, लहान फुली ऑटो बायोकेमिस्ट्री, आणि येत्या वर्षात एनएबीएलला जायचा विचार. उमेदवाराने लिहिलंय: ‘डीएमएलटी २०१९. अनुभव ६ वर्षे. सिसमेक्स एक्सएन-५५०, व्हिट्रॉस, कोबास ई-४११, अर्बा केम-५ हाताळले. एनएबीएल सर्टिफाइड. क्यूसी व ईक्यूएएसचे ज्ञान. रोज १०० फ्लेबोटॉमी. लॅब स्वतंत्रपणे सांभाळली.’

पहिलं काम: सहा वर्षांचे तुकडे करा. फोनवर महिना-साल विचारत गेलात की पाच मिनिटांत चित्र उभं राहतं. इथे ते असं निघालं. पहिली दोन वर्षं तालुक्याची लॅब, सेमी ऑटो. मग दीड वर्ष कोविडच्या काळात स्वॅब घ्यायचं काम. मग अडीच वर्षं एका मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर. म्हणजे मशीनसमोरचा अनुभव दोन वर्षांचा, तोही आधीचा. बाकी चार वर्षं सॅम्पल घेणं आणि पाठवणं. याला वाईट समजू नका. पण पगाराची बोलणी ‘सहा वर्षं’ या आकड्यावर करू नका.

दुसरं काम: गुणाकार. ‘रोज १०० फ्लेबोटॉमी’ म्हणजे काय? पेशंटचं नाव-वय विचारणं, शीर शोधणं, सुई, ट्यूब, लेबल, कापूस, पुढचा पेशंट. घाई न करता माणशी चार मिनिटं धरा. शंभर पेशंट म्हणजे चारशे मिनिटं, जवळपास पावणेसात तास, मध्ये चहासुद्धा नाही. कलेक्शन सेंटरची गर्दी सकाळी सात ते दहा असते. त्या तीन तासांत एक माणूस पंचेचाळीस करेल. मग शंभर सेंटरचे होते की याचे एकट्याचे, असं सरळ विचारा. ‘तिघं होतो’ असं उत्तर आलं, तर माणूस खरं बोलतोय.

हाच गुणाकार पहिल्या लॅबला लावा. तो म्हणतो, सेमी ऑटोवर मी एकटा, रोज दीडशे पेशंट. सरासरी पाच बायोकेमिस्ट्री टेस्ट धरल्या तर ७५० टेस्ट. सेमी ऑटो एकावेळी एकच नमुना खेचतं. आधीचं मिसळणं आणि इन्क्युबेशन सोडा, नुसतं खेचून वाचायला एक मिनिट धरलं तरी साडेबारा तास होतात. हे जुळत नाही. मग एकतर आकडा फुगवलाय, नाहीतर त्या लॅबमध्ये सगळ्या टेस्ट होतच नव्हत्या. सॅम्पल सिंकमध्ये ओतून रिपोर्ट टाइप करायचा, याला धंद्यात ‘सिंक टेस्ट’ म्हणतात, हे तुम्हाला माहीतच असेल. उमेदवाराला आरोपीसारखं विचारू नका. ‘तिथे कंट्रोल कधी लावायचात?’ इतकंच विचारा. ‘कंट्रोल आणायचेच नाहीत’ असं असेल, तर तो सहज सांगून टाकेल.

‘लॅब स्वतंत्रपणे सांभाळली’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण थांबा. रिपोर्टवर सही कुणाची होती? रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. उमेदवार म्हणाला, ‘डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, सही स्कॅन केलेली होती’, तर दोष मालकाचा आहे, त्याचा नव्हे. पण ती सवय त्याच्याबरोबर तुमच्याकडे येते. पॅनिक व्हॅल्यू आली की फोन न करता प्रिंट मारायची सवय त्याच ठिकाणची. आणि तुम्हीच या शॉर्टकटच्या मोहात असाल, ‘अनुभवी टेक्निशियन आहे, मी संध्याकाळी बघेन’, तर हा बायोडेटा बाजूला ठेवा.

मशीनची नावं: चार प्रश्न पुरतात

कुठल्याही मशीनबद्दल विचारा: रोजची मेंटेनन्स काय करायचात, काय बिघडायचं, रोज किती टेस्ट चालायच्या, आणि कॅलिब्रेशन कुणी करायचं. मशीनला हात लावलेला माणूस पहिल्या दोन प्रश्नांना न थांबता उत्तर देतो. सेल काउंटरवाला शटडाऊन कसं करतो आणि त्यात क्लीनर कधी द्यायचा ते सांगेल. ई-४११वर बसलेला प्रोसेल आणि क्लीनसेलची नावं घेईल. ज्याने डी-१०वर एचबीए१सी केलंय, तो नुसता आकडा सांगणार नाही, ग्राफबद्दल बोलेल.

आपल्या नमुन्यातला उमेदवार व्हिट्रॉसबद्दल म्हणाला, ‘रोज सकाळी आरओचं पाणी चेक करायचो, मग रिएजंट भरायचो.’ व्हिट्रॉसची बायोकेमिस्ट्री कोरड्या स्लाइडवर चालते. तिला पाण्याची लाइन लागत नाही, ड्रेनही नाही. म्हणजे ते मशीन त्याने लांबून बघितलंय. एक्सएन-५५० कुठे वापरलं, तर मोठ्या लॅबच्या मुख्य शाखेत पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये. केम-५ मात्र खरं होतं. दिवा कमजोर झाला की ब्लँक कसं हलतं, फ्लो सेलमध्ये बुडबुडा अडकला की काय दिसतं, हे त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. चार नावांतलं एक खरं, एक अर्धं, एक खोटं. ई-४११बद्दल तो स्वतःच म्हणाला की ते शेजारच्या टेबलावर होतं.

अशा खोटेपणामुळे माणूस बाद करायचा का? माझं मत: एका मशीनचं नाव घुसडलं म्हणून नाही, पण विचारल्यावरही रेटून नेलं तर होय. ‘सर, ते ट्रेनिंगमध्ये पाहिलंय’ म्हणणाऱ्याला शिकवता येतं.

नंदुरबार, गडचिरोली किंवा चंद्रपूरकडे लॅब असेल, तर एक प्रश्न वाढवा: सिकल सेलचा पेशंट असेल तर एचबीए१सीचा आकडा तसाच द्याल का? सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढे काय? पहिल्याचं उत्तर ‘ग्राफ बघून डॉक्टरांना दाखवीन’ आणि दुसऱ्याचं ‘एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करावी लागेल, कारण सोल्युबिलिटीवरून वाहक की रुग्ण ते कळत नाही’ असं आलं, तर हा माणूस त्या भागात हवाच.

‘एनएबीएल सर्टिफाइड टेक्निशियन’ असं काही नसतं

एनएबीएल माणसाला मान्यता देत नाही, लॅबला देते, तीही ठरावीक टेस्टसाठी. वैद्यकीय लॅबचं मानक आयएसओ १५१८९. बायोडेटावर ‘सर्टिफाइड’ लिहिलं असेल तर त्यामागे तीनांपैकी एक असतं: माणूस मान्यताप्राप्त लॅबमध्ये कामाला होता, त्याने इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग केलंय, किंवा सेंटरच्या काचेवर लोगो होता. पहिल्या दोन्हींना किंमत आहे, तिसऱ्याला नाही. आयएसओ ९००१चं प्रमाणपत्र दाखवलं तर ते व्यवस्थापनाचं आहे, टेस्ट बरोबर येतात याचं नाही. एनएबीएचं नाव आलं तर ते हॉस्पिटलसाठी.

पडताळणी फुकट आहे आणि पाच मिनिटांची. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबच्या नावाने शोधा. वैद्यकीय लॅबच्या प्रमाणपत्राचा क्रमांक ‘एमसी’ने सुरू होतो. मान्यतेची मुदत बघा आणि स्कोप उघडा. उमेदवार तिथे असताना मान्यता चालू होती का, आणि तो ज्या टेस्ट केल्या म्हणतो त्या स्कोपमध्ये आहेत का, हे दोन्ही कळतं. आपला उमेदवार ज्या लॅबचं नाव घेतो ती मान्यताप्राप्त निघाली, पण त्याचं काम कलेक्शन सेंटरवर. लॅबच्या मान्यतेने तिथला मुलगा क्यूसीत तरबेज होत नाही. मात्र सॅम्पल घेणं, तापमान नोंदवणं, पाठवणं या गोष्टी तो लिखित पद्धतीने शिकलेला असतो, आणि तुम्हाला एनएबीएलला जायचं असेल तर ते तयार मिळतंय.

आवृत्तीवरूनही अंदाज येतो. आयएसओ १५१८९ची सध्याची आवृत्ती २०२२ची, जुनी २०१२ची. मान्यताप्राप्त लॅबना बदलायला डिसेंबर २०२५पर्यंत मुदत होती. या काळात मान्यताप्राप्त लॅबच्या बेंचवर असलेल्या माणसाने कागद बदलताना, नवे फॉर्म भरताना कुरकुर केलेली असते. आवृत्ती पाठ आहे का हे विचारू नका, ते कोणीही पाठ करतं. विचारा: ‘मागच्या ऑडिटमध्ये तुमच्या टेबलावर कुठली एनसी निघाली, आणि मग काय केलंत?’ खरा माणूस एखादी बारीकशी गोष्ट सांगतो. फ्रीजच्या तापमानाच्या तक्त्यावर रविवारची नोंद नव्हती. पिपेटच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती. उघडलेल्या रिएजंटवर उघडल्याची तारीख नव्हती. ‘एकही एनसी नव्हती’ हे उत्तर ऑडिट न पाहिलेल्या माणसाचं.

त्याच्याकडे स्वतःचं कॉम्पिटन्सी असेसमेंट किंवा कोणत्या टेस्ट करायला अधिकृत केलं होतं त्याचं पत्र असेल तर बघा. नसलं तरी चालेल, बऱ्याच लॅब ते बाहेर देत नाहीत. पण उमेदवाराने मोबाइलवर जुन्या लॅबचे एसओपी किंवा पेशंटचे रिपोर्ट ‘पुरावा’ म्हणून दाखवले, तर मोबाइल परत द्या आणि मनात नोंद करा. उद्या तुमचे रिपोर्टही त्याच मोबाइलवर असतील.

ईक्यूएएसचं असंच. वेल्लोरच्या सीएमसीचा बायोकेमिस्ट्रीचा कार्यक्रम किंवा दिल्लीच्या एम्सचा हिमॅटोलॉजीचा, नाव कुठलंही सांगू दे. विचारायचं इतकंच: ते सॅम्पल कसं चालवायचात? ‘पेशंटच्या सॅम्पलसारखंच, एकदा’ हे बरोबर. ‘तीनदा लावून सरासरी काढायची, शेजारच्या लॅबशी जुळवून पाठवायचं’ हे तो अभिमानाने सांगत असेल, तर तुमच्या एनएबीएलच्या तयारीला पहिली खीळ तिथेच बसेल.

बेंचवर दोन-अडीच तास

इथे खर्च काही शे रुपयांचा: स्लाइड, स्टेन, चार-पाच ट्यूब, थोडा कागद. उमेदवाराला त्या वेळेचे पैसे द्या. पगार १८,००० धरला तर २६ दिवसांनी भागून दिवसाचे साधारण ६९२ आणि अर्ध्या दिवसाचे ३४६ होतात. साडेतीनशे रुपये आणि बसभाडं दिलंत तर चांगले उमेदवारही परीक्षेला येतात. ‘आठ दिवस ट्रायलवर या, मग बघू’ म्हणून फुकट राबवून घेणाऱ्या लॅबचं नाव टेक्निशियनांच्या ग्रुपवर लगेच पसरतं. परीक्षा म्हणून त्याला पेशंटचं रक्त काढू देऊ नका. नोंद झालेला कर्मचारी नसताना सुई टोचली किंवा पेशंटला त्रास झाला, तर जबाबदारी तुमची.

पहिला अर्धा तास ट्यूबचा. टेबलावर निळी, लाल, जांभळी, करडी अशा ट्यूब मिसळून ठेवा आणि सांगा: एकाच पेशंटचं पीटी, लिपिड, सीबीसी आणि शुगर घ्यायचंय, क्रमाने लावा. निळी आधी, मग लाल, मग जांभळी, शेवटी करडी. ब्लड कल्चर असेल तर ते सगळ्यांच्या आधी. मग निळी अर्धीच भरलेली दाखवा. सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असतं. रक्त कमी पडलं तर पीटी खोटं लांबतं, म्हणून ती ट्यूब नाकारायची. ‘पेशंट गेला, काय करणार, लावून टाकतो’ असं म्हणणारा प्रामाणिक आहे, पण त्याला शिकवावं लागेल. लेबल कधी लावायचं ते विचारा. रक्त काढल्यावर लगेच, पेशंटसमोर, नाव परत विचारून. सकाळी दहा ट्यूबना बारकोड चिकटवून ट्रेमध्ये मांडून ठेवणं जलद वाटतं, आणि सॅम्पलची अदलाबदल तिथेच होते.

मग तीन छापील रिपोर्ट द्या. नाव-पत्ता नसलेले, तुम्हीच बनवलेले.

पहिला: चालत आलेला, तब्येत ठीक असलेला माणूस. पोटॅशियम ७.८, कॅल्शियम ५.१, अल्कलाइन फॉस्फेटेज १२. हे रक्त पेशंटचं असलं तरी आकडे जांभळ्या ट्यूबचे आहेत. ईडीटीए पोटॅशियम घालतं, कॅल्शियम बांधून ठेवतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारी खनिजंही ओढून घेतं. कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं, किंवा क्रम चुकला. बरोबर उत्तर: रिपोर्ट थांबवा, डॉक्टरांना सांगा, नवीन सॅम्पल घ्या. ‘मशीनवर रिपीट करतो’ हे अर्धवट उत्तर आहे, कारण त्याच ट्यूबमधून तोच आकडा परत येईल. आपल्या उमेदवाराला हे जमलं. कलेक्शन सेंटरवर असताना असं सॅम्पल मुख्य लॅबमधून परत आलं होतं, म्हणून लक्षात होतं.

दुसरा: प्लेटलेट ३८,०००, रक्तस्राव नाही, मशीनवर क्लंपचा फ्लॅग. काडी फिरवून ट्यूबमध्ये गाठ आहे का बघायचं, मग स्मिअर. स्लाइडवर प्लेटलेटचे पुंजके दिसले तर सायट्रेटमध्ये नवीन सॅम्पल घेऊन आलेला आकडा १.१ ने गुणायचा. हा रिपोर्ट तसाच बाहेर गेला तर डेंग्यूच्या मोसमात माणूस अॅडमिट होतो.

तिसरा: बाहेरच्या गावाहून आलेली उपाशीपोटीची शुगर ५८, पेशंटला काही त्रास नाही, सॅम्पल लाल ट्यूबमध्ये, काढल्यापासून चार तास. सीरम वेगळं केलं नाही तर पेशी शुगर खात राहतात, साधारण तापमानाला तासाला पाच ते सात टक्के. चार तासांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास गेली. इथे उमेदवाराने करड्या ट्यूबबद्दल सांगावं, आणि सॅम्पल सेंटरवरच सेंट्रिफ्यूज करून पाठवायला हवं होतं हेही.

तिन्हींनंतर एक साधा प्रश्न: गेल्या महिन्यात किती सॅम्पल रिजेक्ट केलेत, कशासाठी? रोज पन्नास सॅम्पल घेणारा माणूस ‘एकही नाही’ म्हणाला, तर फुटलेलं, गोठलेलं, कमी पडलेलं सगळं पुढे गेलंय.

उरलेल्या वेळात दोन कामं. तीन स्मिअर करून घ्या आणि एकावर लिशमन करून डिफरन्शियल काउंट करायला सांगा. शेपूट नीट आलंय का, स्टेन निळं-काळं झालंय का, मोजताना तो कडेलाच फिरतोय का, हे शेजारी उभं राहून बघा. दुसरं, जुना लेवी-जेनिंग्ज चार्ट काढा. शक्यतो असा, ज्यात शेवटचे दहा ठिपके सलग सरासरीच्या एकाच बाजूला आहेत पण सगळे दोन एसडीच्या आत. विचारा: काही गडबड वाटते का? ‘सगळे आत आहेत, ठीक आहे’ म्हणणाऱ्याने कंट्रोल लावलेत, वाचलेले नाहीत. सलग दहा एका बाजूला गेले म्हणजे काहीतरी सरकलंय. रिएजंटचा लॉट, कॅलिब्रेशन, दिवा. मग पुढचा प्रश्न: एक कंट्रोल तीन एसडीच्या बाहेर गेला तर? अपेक्षा अशी: पेशंट थांबवा, दुसऱ्या लेव्हलचा कंट्रोल बघा, कारण शोधा, लिहून ठेवा, आणि मधल्या वेळात गेलेले रिपोर्ट परत बघा. आपला उमेदवार म्हणाला, ‘आत येईपर्यंत परत लावायचो.’ कंट्रोलची बाटली संपवायचा हा सगळ्यात महाग मार्ग आहे.

एजन्सी, पगार आणि न दिसणारा खर्च

एजन्सीकडून माणूस घेतलात तर फी बहुतेक वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार असते. १८,००० वर १८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३,२४०. एकूण २१,२४०. इथे लपलेला भाग असा की तुमच्या लॅबच्या आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे हे ३,२४० इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळत नाहीत. ते तुमच्या खिशातूनच. रिप्लेसमेंटचं कलम वाचा. माणूस किती दिवसांत सोडून गेला तर दुसरा फुकट, आणि काढून टाकलं तरी ते लागू आहे का? ‘आम्ही कागदपत्रं तपासलीत’ असं एजन्सी म्हणते, तेव्हा काय तपासलं ते लेखी मागा. उमेदवाराकडूनही पैसे घेणारी एजन्सी असेल तर दूर राहा. तिला कसाही माणूस बसवायचा असतो.

पगाराशिवायचा खर्च आधीच धरा. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय, २१,०००पर्यंतच्या वेतनाला मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के: १८,००० वर ५८५ महिना. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफही. ‘हातात अठरा’ की ‘एकूण अठरा’ हे फोनवरच स्पष्ट करा. अर्ध्या नेमणुका पहिल्या पगाराच्या दिवशी याच शब्दावरून मोडतात.

आपल्या उमेदवाराचं काय करायचं? मी असतो तर घेतला असता, पण बायोडेटावर मागितलेल्या पगाराला आणि कामाला नाही. सॅम्पल घेणं, स्वीकारणं, नाकारणं हे काम पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे. मशीनवर तीन महिने कुणाच्या तरी शेजारी. कंट्रोल पास-फेलचा निर्णय तोवर त्याच्या सहीने नाही. पगार दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा तीन महिन्यांनी चार्ट वाचता आला की, आणि ही अट नेमणूकपत्रात लिहून. प्रोबेशनचा काळ, नोटिशीचा काळ, ड्युटीची वेळ, रविवार-इमर्जन्सीचे पैसे आणि कागदपत्रं पडताळणीच्या अधीन, हे त्याच पत्रात. ‘दोन वर्षं सोडून जाणार नाही, नाहीतर पन्नास हजार’ असा बाँड करून घेऊ नका. वसूल करताना वकिलाची फी त्याहून जास्त जाते.

रुजू व्हायच्या दिवशी हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद मागा. लॅबच्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तुमची जबाबदारी आहे, त्याच्या पगारातून कापायची गोष्ट नाही. आधी घेतली नसेल तर पहिला डोस त्याच दिवशी, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस. आकडा दहाच्या खाली आला तर पुन्हा लसीकरणासाठी डॉक्टरांना दाखवा आणि निकाल त्याच्या फाइलमध्ये लावा.